तेवढ्याच खनिजात दहापट टीव्ही : व्यापारशर्ती म्हणजे नेमके काय?

नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन स्टीव्हन्स यांनी एका भाषणात साधा हिशेब मांडला होता. पाच वर्षांपूर्वी लोहखनिजाने भरलेले एक जहाज विकले, तर त्या पैशांत सुमारे २,२०० फ्लॅट स्क्रीन टीव्ही येत असत. आता तेवढ्याच खनिजाच्या मोबदल्यात सुमारे २२,००० टीव्ही येतात. जहाज मोठे झाले नव्हते आणि खनिजातले लोखंडही वाढले नव्हते. याच काळात टीव्ही स्वस्त झाले हे खरे, परंतु मुख्य कारण त्यांनीच सांगितले होते, ते म्हणजे लोहखनिजाचा भाव जवळपास सहापट झाला होता. ताळा करून पाहिला तर सहापट महाग खनिज आणि सुमारे ४० टक्क्यांनी स्वस्त झालेले टीव्ही मिळून हा दहापटीचा आकडा जुळतो.

आयात-निर्यातीच्या बातम्यांमध्ये ‘व्यापारशर्ती सुधारल्या’ किंवा ‘व्यापारशर्ती बिघडल्या’ असे एखादे वाक्य येते आणि पुढे काहीच खुलासा न होता बातमी संपते. शब्दामुळे वाचकाचा समज असा होतो की दोन देशांनी एखाद्या करारात काही शर्ती घातल्या असाव्यात. प्रत्यक्षात या शब्दाचा करारांशी काहीही संबंध नाही. जहाज आणि टीव्ही यांची जी तुलना स्टीव्हन्स यांनी केली, तीच साऱ्या देशाच्या पातळीवर केली की व्यापारशर्ती मिळतात.

दोन भावांचे गुणोत्तर

देश जे विकतो त्या वस्तूंच्या सरासरी भावाला, देश जे विकत घेतो त्या वस्तूंच्या सरासरी भावाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. जे उत्तर येते त्याला व्यापारशर्ती म्हणतात. एखादे वर्ष आधार धरून त्या वर्षीचा आकडा १०० मानला जातो आणि पुढची वर्षे त्याच्याशी ताडून पाहिली जातात.

निफाडच्या एका काल्पनिक शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. समजा, त्याच्या कांद्याला क्विंटलला १,२०० रुपये मिळतात आणि त्याला लागणारी खताची गोणीही १,२०० रुपयांनाच येते. म्हणजे एका क्विंटल कांद्याला एक गोणी, हे त्याच्या घरापुरते गुणोत्तर झाले. पुढल्या हंगामात कांदा १,८०० वर गेला आणि गोणी होती तिथेच राहिली, तर त्याच क्विंटलात दीड गोणी येईल. कांदा १,२०० वरच राहून गोणी ८०० रुपयांना मिळू लागली, तरीही दीडच गोणी येईल. मात्र कांदा आणि गोणी दोन्ही १,८०० झाले, तर बाजारात ‘कांद्याला विक्रमी भाव’ अशी कितीही चर्चा झाली तरी त्याला क्विंटलामागे एकच गोणी मिळणार. आपल्या मालाचा भाव एकट्याने काहीच सांगत नाही, तो दुसऱ्याच्या मालाशी ताडल्यावरच बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट याच उदाहरणातून दिसते. जो कांदा शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवला, त्याच्यावर भाववाढीचा काहीच लाभ झालेला नाही. लाभ झाला तो फक्त विकलेल्या कांद्यावर. देशाचेही तसेच असते. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक पंचमांश भाग निर्यातीतून येत असेल आणि व्यापारशर्ती १० टक्क्यांनी सुधारल्या, तर देशाची क्रयशक्ती ढोबळमानाने २ टक्क्यांनी वाढते. निर्यातीचा वाटा एक विसांश असेल, तर तीच सुधारणा अर्ध्या टक्क्यावर थांबते.

उत्पादन तेवढेच, तर उत्पन्न वाढले कसे?

या विषयात सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे, म्हणून थोडे थांबून हिशेब करू. समजा, एका देशाचे वर्षाचे एकूण उत्पादन १,००० कोटींचे आहे. त्यातले २०० कोटींचे खनिज तो निर्यात करतो आणि २०० कोटींची यंत्रे, इंधन, औषधे आयात करतो. पुढल्या वर्षी खनिजाचा भाव दुप्पट होतो, आयातीचे भाव जसेच्या तसे राहतात आणि देशात एकही टन जास्त निघत नाही. आता त्याच खनिजाचे ४०० कोटी येतात. देशाला पूर्वीचे सारे काही घेऊन वर आणखी २०० कोटींची आयात करता येते.

पण आर्थिक वाढीचा जो दर आपण बातम्यांत ऐकतो, तो स्थिर किमतींवर काढलेला असतो. म्हणजे महागाईचा भास वगळण्यासाठी टन, मीटर, तास यांतली वाढ मोजली जाते आणि भावातली वाढ मुद्दाम बाजूला काढली जाते. त्या मोजणीत या देशाची वाढ शून्य टक्के दिसेल, कारण टन तेवढेच आहेत. आणि तरीही देशाला परवडणाऱ्या गोष्टींत २० टक्क्यांची भर पडली आहे. म्हणूनच राष्ट्रीय हिशेब ठेवणाऱ्या संस्था ‘वास्तव देशांतर्गत उत्पन्न’ असा एक वेगळा आकडा काढतात, ज्यात निर्यातीतून मिळालेल्या पैशांत किती आयात करता येते हे धरलेले असते. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे व्यापारशर्तींचा नफा किंवा तोटा. माझ्या मते ज्या देशाची निर्यात दोन-तीन कच्च्या मालांवर उभी आहे, त्याच्या बाबतीत वाढीचा दर एकटा वाचणे म्हणजे शेतकऱ्याने किती पोती कांदा काढला एवढेच विचारून भाव न विचारण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियात काय घडले

डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि पुढच्या दशकात तिथे शहरे, रेल्वे, पूल आणि कारखाने यांच्या बांधणीने असा वेग घेतला की पोलाद पुरेना. पोलादासाठी लोहखनिज लागते आणि त्याच्या भट्टीसाठी कोकिंग कोळसा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील पिलबारा भागात पहिले आहे आणि पूर्वेकडील क्वीन्सलँडमध्ये दुसरे. त्या काळी लोहखनिजाचा भाव खाणकंपन्या आणि पोलाद कारखाने वर्षातून एकदा वाटाघाटी करून ठरवत असत. २००५ च्या करारात हा भाव एका फटक्यात ७१.५ टक्क्यांनी वाढला आणि आजवरची गणिते मोडली. २०१० मध्ये ही वार्षिक पद्धतच मोडीत निघाली आणि भाव तिमाहीला, नंतर त्याहूनही लवकर बदलू लागले.

दुसऱ्या बाजूला, ऑस्ट्रेलिया जे आयात करत होता ते कपडे, संगणक, टीव्ही, फर्निचर यांपैकी बरेचसे चीनमध्येच तयार होत होते आणि तिथल्या प्रचंड उत्पादनामुळे स्वस्त होत चालले होते. एकाच ग्राहकाने निर्यातीचा माल महाग केला आणि त्यानेच आयातीचा माल स्वस्त केला. अपूर्णांकाचा अंश वाढला, छेद आकसला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सप्टेंबर २०११ च्या तिमाहीपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या व्यापारशर्ती जवळपास दुप्पट झाल्या.

हा पैसा देशात शिरला कसा, हे पाहिले तर वाटा अनेक होत्या. खाणकंपन्यांच्या नफ्यावर केंद्र सरकारला ३० टक्के कंपनी कर मिळाला आणि राज्यांना स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दलची रॉयल्टी, मिळाले. खाणींवरच्या चालकांचे, अभियंत्यांचे, वेल्डरांचे पगार वाढले. नव्या खाणी, रेल्वेमार्ग आणि बंदरे बांधण्यासाठी इतकी गुंतवणूक झाली की एरवी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के असणारी खाणक्षेत्रातील गुंतवणूक शिखरावर असताना ८ टक्क्यांच्याही वर गेली. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, खाणींची ही भरभराट झाली नसती तर २०१३ मध्ये कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न जेवढे असते, त्याहून ते सुमारे १३ टक्क्यांनी जास्त होते. यात केवळ भावाचा नव्हे तर गुंतवणुकीचाही परिणाम धरलेला आहे. खाणकंपन्यांच्या समभागांचा मोठा हिस्सा परदेशी लोकांच्या हाती असल्याने नफ्याचा बराच भाग देशाबाहेर गेला, आणि तरीही एवढे उरले.

खाणीशी संबंध नसलेल्या माणसाला काय मिळाले?

सिडनीतल्या एखाद्या शाळाशिक्षिकेचा लोहखनिजाशी काय संबंध, असा प्रश्न रास्त आहे. तिच्यापर्यंत लाभ पोहोचवणारी सर्वांत रुंद वाट चलनाच्या दराची होती. खाणकंपनीला पैसे अमेरिकन डॉलरमध्ये मिळतात, पण तिला कर, पगार आणि स्थानिक कंत्राटदारांची बिले ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये द्यायची असतात. त्यासाठी ती अमेरिकन डॉलर विकून ऑस्ट्रेलियन डॉलर घेते. असे अब्जावधी डॉलर वर्षानुवर्षे विकले गेले, शिवाय परदेशी गुंतवणूकही आली, आणि २००१ मध्ये ५० अमेरिकन सेंटच्या खाली गेलेला ऑस्ट्रेलियन डॉलर २०१० च्या अखेरीस एका अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला व २०११ मध्ये १.१० पर्यंत चढला. शिक्षिकेचा पगार तेवढाच राहिला असता तरी त्या पगारात येणारी परदेशी गाडी, लॅपटॉप आणि बालीची सहल स्वस्त झाली.

हीच घटना उलट बाजूने आपल्याकडच्या अनेक घरांनी अनुभवली. २००९ च्या सुरुवातीला सुमारे ३३ रुपयांना मिळणारा ऑस्ट्रेलियन डॉलर २०११ च्या अखेरीस ५० रुपयांच्या वर गेला होता. मेलबर्नच्या विद्यापीठाची फी तिथल्या चलनात एका डॉलरनेही न वाढता पुण्याहून पैसे पाठवणाऱ्या पालकांसाठी निम्म्याहून अधिकने वाढली. शिक्षण हीदेखील ऑस्ट्रेलियाची निर्यातच आहे आणि महागड्या चलनाने तिला फटका दिला. पर्यटन आणि कारखाने यांचेही तेच झाले. फोर्डने २०१३ मध्ये तिथले मोटारउत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी होल्डनने आणि २०१४ मध्ये टोयोटानेही. ऑक्टोबर २०१७ मध्ये शेवटचा कारखाना बंद झाला. लहान बाजारपेठ, जास्त खर्च आणि उतरलेले आयातशुल्क ही कारणे होतीच, पण महाग डॉलरने त्यांना धार आणली. देश एकूण श्रीमंत झाला आणि त्याच वेळी त्यातले काही लोक नेमके त्याच कारणाने बेकार झाले, ही गोष्ट सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

चलन बांधलेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासात आहे. १९५०-५१ मध्ये कोरियातील युद्धामुळे सैनिकी कपड्यांसाठी लोकरीची मागणी एवढी वाढली की एक पौंड वजनाच्या लोकरीला एक पौंड चलन असा भाव काही काळ मिळाला. तेव्हा विनिमय दर स्थिर होता. लोकरीचा पैसा मेंढपाळांच्या हाती आला, तो देशांतर्गत बाजारात खर्च होऊ लागला, माल मर्यादित असल्याने सगळ्याच गोष्टी महागल्या आणि महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला. लगोलग लोकर उतरली आणि मार्च १९५२ मध्ये आयातीवर कडक परवाना पद्धत लावावी लागली. डिसेंबर १९८३ पासून ऑस्ट्रेलियन डॉलर खुला तरंगतो, म्हणजे त्याचा दर बाजारात ठरतो. म्हणून २००० नंतरची तेजी लोकरीच्या तेजीपेक्षा मोठी आणि लांब असूनही महागाई तशी भडकली नाही. चलनाने तो धक्का झेलला.

रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त मिळतात, मग त्यालाच सुधारणा का म्हणू नये?

रुपया घसरतो तेव्हा निर्यातदाराच्या हाती जास्त रुपये पडतात, पण त्याच क्षणी आयातीचेही जास्त रुपये मोजावे लागतात. अंश आणि छेद दोन्ही एकाच संख्येने गुणले, तर गुणोत्तर बदलत नाही. व्यापारशर्ती रुपयांत मोजल्या किंवा डॉलरमध्ये, आकडा सारखाच येतो. रुपयाच्या घसरणीमुळे निर्यातीचे प्रमाण वाढू शकते, ते वेगळे. पण एका टन मालाच्या बदल्यात मिळणारे तेल त्याने वाढत नाही. उलट निर्यातदारांनी घसरलेल्या रुपयाच्या जोरावर परदेशी ग्राहकाला डॉलरमधली किंमत कमी करून दिली, तर व्यापारशर्ती खालीच येतात.

निर्यात आयातीपेक्षा जास्त असणे म्हणजेच हे, नाही का?

नाही. आयातीपेक्षा निर्यात जास्त की कमी, हा प्रश्न भाव गुणिले प्रमाण यांचा आहे. व्यापारशर्ती केवळ भावांबद्दल बोलतात. ऑस्ट्रेलिया याचे उत्तम उदाहरण आहे. व्यापारशर्ती शिखराला भिडत असतानाही त्याच्या चालू खात्यावर, म्हणजे आयात-निर्यात आणि परदेशाशी होणारी नफा-व्याजाची देवघेव यांच्या एकत्रित हिशेबात, तूटच होती, कारण खाणी बांधायला यंत्रे बाहेरून येत होती, त्यासाठी लागणारे भांडवलही बाहेरचेच होते आणि नफा परदेशी भागधारकांकडे जात होता. १९७५ नंतर पहिल्यांदा चालू खात्यावर शिल्लक दिसली ती २०१९ मध्ये, तेजीचे शिखर मागे पडून आठ वर्षे झाल्यावर. हाती पैसा जास्त आला म्हणून कुटुंबाने जास्त खर्च केला, तर महिनाअखेरीची शिल्लक वाढेलच असे नाही. राहणीमान मात्र वाढलेले असते.

गुणोत्तर वाढले म्हणजे नेहमी चांगलेच का?

भाव का वाढला, यावर ते अवलंबून आहे. डिसेंबर २०१० आणि जानेवारी २०११ मध्ये क्वीन्सलँडमध्ये महापूर आले, कोळशाच्या खाणी पाण्याने भरल्या आणि जगात कोकिंग कोळशाची टंचाई झाली. आधीच्या तिमाहीत टनाला २२५ डॉलर असलेला करारभाव जून २०११ च्या तिमाहीसाठी ३३० डॉलर ठरला. व्यापारशर्तींचा आकडा या काळात वर जात होता; पण विकायला कोळसाच कमी होता आणि मार्चच्या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था आकसली. गारपिटीने निम्मा द्राक्षबाग गेल्यावर उरलेल्या घडांना मिळालेला चढा भाव आणि भरघोस पिकाला मिळालेला चढा भाव यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. म्हणून भावासोबत प्रमाणही पाहावे लागते आणि अर्थतज्ज्ञ त्यासाठी व्यापारशर्तींना निर्यातीच्या प्रमाणाने गुणून वेगळा आकडा काढतात.

मोजणीतही एक फसगत असते. सगळ्या वस्तूंच्या खऱ्या किमती गोळा करणे अवघड असल्याने अनेक देश सीमाशुल्काच्या नोंदींवरून एकूण मूल्याला एकूण वजनाने भागतात आणि त्यालाच भाव समजतात. भारताचे असे निर्देशांक कोलकात्याचे वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय तयार करते. एखाद्या वर्षी साध्या तांदळाऐवजी बासमती जास्त गेला, तर कुठल्याही तांदळाचा भाव न वाढता क्विंटलमागचे सरासरी मूल्य वाढते. त्याला भाववाढ समजणे चूक ठरेल. आकडा एकाएकी उडालेला दिसला की मालाचे मिश्रण बदलले का, हे आधी तपासावे.

तोच भाव, गोव्याची वेगळी गोष्ट

चीनच्या ज्या मागणीने पिलबारा श्रीमंत केला, तिनेच गोव्यातील डिचोली, साखळी, सांगे भागांतल्या खाणींनाही उधाण आणले. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे. ते जवळजवळ सगळे निर्यातच होत असे. भाव एवढे चढले की पूर्वी खाणीच्या कडेला टाकाऊ म्हणून रचलेले ढिगारेही विकण्याजोगे झाले, रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या आणि मांडवी-जुवारीतून बार्जेस मुरगावकडे जाऊ लागल्या.

पण सार्वजनिक तिजोरीकडे या भाववाढीतून काय यायचे, ते स्वामित्वधनाच्या पद्धतीवर ठरते. ऑगस्ट २००९ पर्यंत भारतात लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागे ठरावीक रुपये असे होते. टनाला ५० डॉलर मिळोत की १५० डॉलर, सरकारचे रुपये तेवढेच. व्यापारशर्ती सुधारल्याचा लाभ अशा पद्धतीत खनिजाच्या मालकाकडे, म्हणजे जनतेकडे, जवळपास येतच नाही. तो खाणपट्टा ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे राहतो. त्यानंतर स्वामित्वधन मूल्याच्या १० टक्के झाले, आणि डिसेंबर २०११ मध्ये निर्यातशुल्क ३० टक्क्यांवर गेले. तोवर भावाचे शिखर होऊन गेले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामावरील शहा आयोगाच्या अहवालानंतर, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली.

आणखी एक फरक आहे. गोव्याला स्वतःचे चलन नाही. पिलबाराच्या खनिजाने ऑस्ट्रेलियन डॉलर वर नेला आणि लाभ साऱ्या देशात पसरला. गोव्याच्या खनिजाने रुपया हलणे शक्यच नव्हते, कारण भारताच्या व्यापारात त्याचा वाटा तेवढा नव्हता. लाभ तालुक्यातच साचला आणि धूळही तालुक्यातच साचली.

भारतासाठी छेद महत्त्वाचा

भारताची निर्यात अनेक वस्तूंची असल्याने तिचा सरासरी भाव एकदम उसळत नाही. आपले गुणोत्तर हलते ते मुख्यतः आयातीच्या बाजूने, आणि तिथे कच्चे तेल सर्वांत जड आहे. भारत जे तेल घेतो त्याचा सरासरी भाव २०१३-१४ मध्ये पिंपाला सुमारे १०५ डॉलर होता; २०१५-१६ मध्ये तो सुमारे ४६ डॉलरवर आला. आपण आयात केलेले तेल किंचित वाढूनही त्याचे बिल सुमारे १४३ अब्ज डॉलरवरून सुमारे ६४ अब्जांवर उतरले.

म्हणजे देशाचे ७९ अब्ज डॉलर वाचले का? तितके नाही. जामनगरसारख्या शुद्धीकरण प्रकल्पांतून भारत पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो आणि त्यांचेही भाव पडले. ही निर्यात सुमारे ६० अब्ज डॉलरवरून जवळपास निम्म्यावर आली. छेद बराच घटला, अंशही काहीसा घटला. निव्वळ लाभ तरीही मोठा होता. २०१२-१३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के असलेली चालू खात्यावरील तूट २०१५-१६ मध्ये १.१ टक्क्यावर आली. २०१३ मध्ये सोन्याच्या आयातीवर लावलेल्या निर्बंधांचाही त्यात वाटा होता.

हा लाभ पेट्रोल पंपावर पूर्ण का दिसला नाही, हे त्या काळी सगळेच विचारत होते. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर लिटरमागे एकूण ११.७७ रुपये आणि डिझेलवर १३.४७ रुपये. देशाला जे परवडू लागले होते, त्याचा एक भाग वाहनधारकाने घेतला आणि दुसरा सरकारने तूट कमी करायला व खर्चाला वापरला. ही वाटणी योग्य होती की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण लाभ नाहीसा झाला होता असे म्हणता येणार नाही. व्यापारशर्ती फक्त एवढेच सांगतात की देशाच्या दारात किती आले. घरात कोणाच्या ताटात किती वाढले गेले, ते कर आणि अनुदाने ठरवतात.

चढलेला भाव किती टिकतो?

चढा भाव स्वतःच स्वतःला खाली आणतो. पिलबारातील कंपन्यांनी तेजीच्या काळात बांधलेल्या खाणी चार-पाच वर्षांनी उत्पादन देऊ लागल्या आणि २००५ ते २०१५ या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियाची लोहखनिज निर्यात टनांमध्ये तिपटीहून अधिक झाली. त्याच वेळी चीनची मागणी मंदावली. २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास गेलेला भाव डिसेंबर २०१५ मध्ये ४० डॉलरच्या खाली आला आणि व्यापारशर्ती शिखरापासून सुमारे एक तृतीयांशाने घसरल्या. त्या वर्षांत टन वाढत असल्याने स्थिर किमतींवरचा वाढीचा दर ठीकठाक दिसत होता; दरडोई वास्तव उत्पन्न मात्र जवळपास थांबले होते आणि अर्थसंकल्पातले महसुलाचे अंदाज वर्षामागून वर्ष चुकत होते. तेजी कायमची समजून आधीच्या दशकात आयकर दरवर्षी थोडा थोडा कमी केला गेला होता आणि तो परत वाढवणे कोणत्याच सरकारला सोपे नव्हते.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाचे अर्थखाते सावध झाले आहे. २०१९ मध्ये ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे खाणीचा बांध फुटला, तिथला पुरवठा घटला, आणि मे २०२१ मध्ये लोहखनिज टनाला २३० डॉलरच्याही वर गेले. त्याच महिन्यात सादर झालेल्या अर्थसंकल्पात मात्र असे गृहीत धरले होते की मार्च २०२२ अखेर भाव ५५ डॉलरवर येईल. प्रत्यक्षात तेव्हा तो शंभराच्या बराच वर होता, आणि वरचा पैसा अनपेक्षित महसूल म्हणून तिजोरीत जमा झाला.